सत्यवान सुकाण्याचे पाच

आमच्या मालवणात दांडीवर, किनाऱ्यावरच्या वाडीत, सत्यवान मालंडकर नावाचा एक गृहस्थ होता. होता म्हणजे, आता नाही. तेव्हा मी थोडं मोकळेपणी लिहिलं तरी तो काठी घेऊन माझ्या पायरीवर येणार नाही. तरीही एक डोळा दारावर ठेवूनच लिहितो आहे, कारण हा माणूस कधीच उशिरा येत नसे.

सत्यवान बोटीवर सुकाणी होता. मुंबईहून सुटायचं, एडन, सुवेझ करत विलायत गाठायची आणि परत यायचं, अशी बावीस-तेवीस वर्षं त्याने काढली. घरी आला तो एक घड्याळ घेऊन. पोर्ट सैदच्या बाजारातलं, साखळीचं, पाठीवर नांगर कोरलेलं. मालवणात माणसं देवाला जातात तसा हा रोज तिन्हीसांजेला तारऑफिसात जाई आणि तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ ताडून बघे. एका मिनिटाचा फरक निघाला तर तारमास्तरालाच विचारी, "तुमचा बरा आसा मां?"

त्याच्या या घड्याळाचा जाच सगळ्या दांडीने सोसला. जेवायचं आवतण साडेबाराचं असलं आणि साडेबाराला पान मांडलेलं नसलं तर सत्यवान उठून घरी चालता होई. आणि मुलीच्या सोयरिकीतही त्याने तेच केलं. सुगंधा त्याची एकुलती एक. दिसायला चांगली, हाताला चव असलेली, तोंडाने बापापेक्षा शहाणी. तिला दोन स्थळं आली. एक कणकवलीचं. ते लोक दुपारी दोनला येणार होते, बस बिघडली म्हणून चारला आले. याने त्यांना पाणी दिलं आणि निरोप दिला. दुसरे आचऱ्याचे. त्यांचा तर नुसता पाऊण तास चुकला. बायको जानकी रडली. याचं म्हणणं, "आज वेळ पाळूक नाय, उद्या शब्द पाळतीत?"

मग गावात बोललं जाऊ लागलं. (मी एकटा नव्हतो बोलणारा, सगळेच बोलत होते.) सुगंधेला चोविसावं लागलं आणि दांडीवरच्या बायका जानकीला पाणवठ्यावर विचारू लागल्या, "काय गो, जावंय घड्याळवाल्याच्या दुकानात शोधतास काय?"

अशात १९५३ साली, शिमगा उरकल्यावर, तिसरं स्थळ आलं. गोव्यातलं. पेडण्याकडच्या शिवा परबाचा मुलगा हरिश्चंद्र, म्हापशाच्या छापखान्यात कामाला. सुगंधेने त्याला सावंतवाडीत मावशीकडे लग्नाला गेली असताना पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं एवढंच ती सांगे, पण हे स्थळ आल्यापासून पोरगी चुलीपुढे गुणगुणू लागली. जानकी मला म्हणाली, "भावजीनु, हयां मोडला तर पोर माझी आता कोणाकच हो म्हणाची नाय. तुम्ही वांगडा चला. त्यांका जरा आवरा."

म्हणून मी गेलो. आवरायला. पुढे काय झालं ते बघाच.

शिवा परब हा मानी माणूस. त्याने कळवलं की मुलगी बघायला आम्ही तुमच्या बाजूला येऊ, पण मालवणपर्यंत नको. आरोंद्याला, तेरेखोलच्या खाडीकाठी, हौसाबाईच्या घरी भेटू. हौसाबाई दोन्ही घरांची लांबची नातलग, सोयरिकी जुळवण्यात वाकबगार. अलीकडे आरोंदा म्हणजे आपलं राज्य, पलीकडे किरणपाणी म्हणजे पोर्तुगीजांचं. मधे खाडी, होडीने दहा मिनिटांची. त्या काळी दोन्ही काठांवर नाके होते. पलीकडचा शिपाई सूर्य बुडाला की होड्या बंद करी, म्हणून त्यांना उजेड आहे तोवर परतायचं. आणि आम्हाला आरोंद्याची शेवटची बस साडेसहाची. म्हणून वेळ नेमकी ठरवायची होती.

निरोप घेऊन आला कायतान. तो मालवणचा, पण आजोळ गोव्यातलं, म्हापशाला त्याची नेहमी ये-जा. सत्यवानच्या पडवीत बसून त्याने निरोप सांगितला, "बुधवारी, पाचाक. परब म्हणालो, पाच म्हणजे पाच."

सत्यवानचा चेहरा फुलला. "ह्यो माणूस माझ्यासारखो दिसता!"

कायतान उठताउठता म्हणाला, "सुकाणी, पूण एक इचारून घेव काय? थंयचे पाच काय हयचे पाच?"

"म्हंजे?"

"गोंयचां घड्याळ आपल्यापेक्षा अर्धो तास मागे चलता मरे. आपले साडेपाच झाले की त्यांचे पाच."

बस. सुकाण्याच्या विद्येलाच हात घातला ना! सत्यवान खुर्चीत ताठ झाला. "कायतान, तू माका शिकवतंस? बोटीवर पश्चिमेक जाताना रात्री काटे मागे कोणी घेतले? येताना फुडे कोणी केले? ह्या हातान! घड्याळ बदलता ता सूर्यामुळे. हयसून एडन खंय, सूर्य थंय उशिरा येता, म्हणान. आरोंद्याचो कोंबडो आरवलो की किरणपाण्याच्या बायको उठतत! थंय काय येगळो सूर्य उगवता?"

"सूर्य एकच, सुकाणयानु. सरकारां दोन."

"सरकार सांगता म्हणान सूर्य थांबता?"

कायतानने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं. माणूस तावात आला की त्याला समजवायचं नसतं, त्याची मजा बघायची असते, असं माझं मत. तो बिचारा म्हणाला, "तरी मी परबाक इचारून कळवतंय."

"काय एक इचारू नको! लाज काढतलंस माझी. सुकाणयाक टायम समजत नाय म्हणतीत. पाच म्हणजे पाच!"

तेव्हा कायतानने विचारलं नाही. आणि सत्यवानच्या डोक्यातून ती गोष्ट पार निघून गेली, कारण त्याला ती मुळात पटलीच नव्हती.

आता आरोंद्याची एक रीत सांगायला हवी. तिथल्या लोकांना दोन घड्याळांची सवय होती. पलीकडच्या माणसाशी काम असेल तर पलीकडचं घड्याळ धरायचं, हे त्यांच्यात कुणी कुणाला सांगत नसे. चुलीला लाकूड लागतं हे कोण सांगतो? त्यामुळे बुधवारी आम्ही चौघं, सत्यवान, जानकी, सुगंधा आणि मी, साडेचारला हौसाबाईच्या घरी पोचलो तर हौसाबाई घरात नाहीच! ती निवांतपणे देवळात गेलेली. घरात तिची सून सीता, रव्याचे लाडू वळत बसलेली. नवी सून, परक्या पुरुषांसमोर तोंड उघडायची नाही. डोक्यावर पदर घेऊन तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. जानकी आणि सुगंधा तिच्या मागोमाग.

सत्यवान पडवीत. अंगात विलायतेत शिवलेला काळा कोट, चैत्राच्या घामात. हातात घड्याळ. मी सुपारी कातरत होतो.

पाच वाजले. त्याने उभं राहून वाटेकडे पाहिलं. वाटेवर एक कुत्रा होता, तोही झोपलेला.

"इले नाय," तो म्हणाला.

"येतीत रे. होडी आसा, वारो आसा."

"वारो माका शिकवू नको."

पाच-दहा मिनिटं तो पडवीत येरझारा घालत राहिला. प्रत्येक फेरीला त्याचा एकेक शब्द जड होत गेला. आधी "उशीर", मग "बेपर्वा", मग "माका हयसर बोलावन बसवन ठेवलो". मी म्हटलं, "सत्यवाना, पोरीकडे बघ." तो म्हणाला, "पोरीकडेच बघतंय! जे आज अशे, ते तिका उद्या कशे ठेवतीत?" आणि तरातरा खाडीवर निघाला. मी त्याच्या मागे.

धक्क्यावर बाबली तारी होडी सोडण्याच्या बेतात होता. होडीत सात-आठ माणसं, दोन टोपल्या आणि एक बोकड. पलीकडच्या काठावर मला कुणी दिसेना, सूर्य डोळ्यांवर होता.

"बाबली," सत्यवान गरजला, "थंयसर पेडण्याचे परब भेटतले. त्यांका माझो निरोप सांग."

"सांगतंय."

"म्हण, मालंडकर पाचाक हयसर हजर होतो. म्हण, ज्यांका वेळ पाळूची अक्कल नाय, त्या बेशरम माणसांच्या घरात माझी पोर जावची नाय. सोयरीक मोडली!"

बाबलीने वल्हं हातात धरून विचारलं, "सगळा सांगू?"

"सगळा. मोठ्यान!"

आता बाबलीने दोन घड्याळांची आठवण करून दिली का, तर नाही. तारी म्हणजे निरोप्या, त्याने निरोप तपासायचा नसतो. शिवाय होडीतली माणसं आधीच खुशीत आली होती. फुकटचा तमाशा आणि तोही खाडीच्या मधोमध!

होडी सुटली. सत्यवान कमरेवर हात ठेवून उभा राहिला, बोटीच्या सुकाणापाशी उभा असल्यासारखा. एवढ्यात मागून जानकी धावत आली. साडी एका हातात धरलेली, श्वास लागलेला.

"ओ! ओ, थांबा! त्यांचे पाच आजून होवक नायत!"

"काय?"

"सीता म्हणता... लाडू वळता वळता म्हणता, आजून अर्धो तास आसा, पावण्यांचे पाच म्हणजे आपले साडेपाच. हयसर सगळ्यांका म्हायत आसा! हौसाबाय म्हणानच देवळात गेली."

सत्यवानने घड्याळ बघितलं. मग सूर्याकडे बघितलं. जणू सूर्याने बाजू बदलली असती तर बरं झालं असतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "कायतान म्हणालो होतो."

आणि तेव्हाच मला पलीकडून निघालेली होडी दिसली. पुढे एक काळी छत्री, छत्रीखाली ताठ बसलेला माणूस, मागे पांढऱ्या सदऱ्यातला तरुण, दोन बायका, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. माणसं त्यांच्या घड्याळाने दहा मिनिटं लवकर येत होती.

"बाबली!" सत्यवान ओरडला. "बाबली, सांगू नको! रे बाबली!"

पण वारा खाडीवरून आमच्याकडे वाहत होता. त्यामुळे आमचं तिकडे जात नव्हतं आणि तिकडचं सगळं आमच्याकडे येत होतं. मधोमध दोन्ही होड्या जवळ आल्या आणि बाबलीने वल्हं थांबवलं. गडी प्रामाणिक. एक शब्द गाळला नाही. "मालंडकर पाचाक हजर होतो" पासून "सोयरीक मोडली" पर्यंत सगळं आम्हाला पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं. "बेशरम" तर दोनदा, कारण पहिल्यांदा बोकड ओरडला होता.

बाबलीच्या होडीतून हसण्याचा लोट उठला. छत्री जागच्या जागी थांबली. मग मिटली. आणि ती होडी हळूच गोल फिरली आणि आली तशी परत निघाली.

मी पुष्कळ लोकांची फजिती बघितली आहे आणि तिचा आनंदही घेतला आहे. पण त्या क्षणी मला सत्यवानकडे बघवेना. तो घड्याळ कोटाच्या खिशात घालायला गेला आणि खिसा सापडेना.

मागे सुगंधा येऊन उभी होती. जांभळी साडी, केसात अबोली. तिने सगळं ऐकलं होतं आणि होडी वळलेली बघितली होती. जानकीने तोंडात पदर कोंबला. पोरगी रडली नाही. ती बापापुढे आली आणि म्हणाली, "बाबानु, चला."

"खंय?"

"थंय. तुमी बोललास, आता तुमीच सांगा. मी येतंय वांगडा."

धक्क्यावर दुसरी होडी नव्हती. एका मासेवाल्याची लहान डोणी चिखलात ओढलेली होती. त्याला विनवलं, त्याने तिघांना घेतलं: बाप, लेक आणि मी. बोटीच्या सुकाणावर वर्षं काढलेला माणूस त्या डोणीत माशांच्या खवल्यांवर बसला आणि सगळ्या वाटेने पाण्याकडे बघत राहिला. अर्ध्या वाटेवर बाबलीची परतणारी होडी भेटली. बाबली हसत म्हणाला, "पोचयलय हां, सगळा!" सत्यवानने मान खाली घातली.

किरणपाण्याला डोणी टेकली तसा पोर्तुगीजांचा शिपाई पुढे आला. खाकी, हातात बंदूक, गळ्यावर घाम. कागद मागितले. आमच्याकडे कागद कुठले? आम्ही सोयरिकीला आलेली माणसं, तीही अलीकडच्या काठावर. त्याने हाताने खूण केली, काठावर पाय ठेवायचा नाही.

शिवा परब वर एका दगडावर बसला होता. सोबतच्या बायका रागाने दुसरीकडे तोंड करून. हरिश्चंद्र चिखलाकडे बघत उभा.

सत्यवानने चपला काढल्या. कोटासकट डोणीतून उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मागे सरकला तर चिखल, पुढे गेला तर बंदूक.

"परबानु," तो म्हणाला, "त्याचा काय झाला, बोटीर घड्याळ बदलता ता सूर्यामुळे. तर मी समाजलंय, हयचो आणि थंयचो सूर्य..."

"मालंडकर," परब म्हणाला, "तुमी म्हाका बेशरम म्हणयलो. आठ माणसांमुखार. तातूंत सूर्य खंय आयलो?"

सत्यवान पुन्हा सुरू झाला. एडन आणि सुवेझ. मला त्याचा हात धरून ओढावंसं वाटलं. तेवढ्यात डोणीतून सुगंधा हळू आवाजात म्हणाली, "बाबानु, सूर्याचा ऱ्हवांदे. चुकलंय म्हणा."

त्याच्या गुडघ्यांभोवती पाणी हलत होतं. मग त्या माणसाने, ज्याने उभ्या जन्मात तारमास्तराचंही घड्याळ बरोबर मानलं नव्हतं, दोन्ही हात जोडले. "चुकलंय," तो म्हणाला. "माका इचारलेला होता, कोणाचे पाच म्हणान. मी इचारूक दिलंय नाय. तुमी वेळेर होतास. मीच नाय होतंय."

शिपायाला हे काय चाललंय ते कळेना. एक म्हातारा पाण्यात हात जोडून उभा, एक मुलगी डोणीत, आणि कुणी पळत नाही! त्याने परबाला काहीतरी विचारलं. परबाने मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये समजावलं, बोटाने मनगट दाखवलं, पाच बोटं दाखवली, मग अर्धं बोट. शिपाई आधी बघत राहिला, आणि मग हसला तो असा की बंदूक खांद्यावरून घसरली. हसत हसत पाण्यापर्यंत आला आणि आपलं मनगटी घड्याळ सत्यवानच्या तोंडापुढे धरलं. त्यात नेमके पाच वाजत होते.

सत्यवानने ते बघितलं. बघावंच लागलं.

परबही हसला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही हसला. त्याने एकदा मुलाकडे पाहिलं. हरिश्चंद्राची नजर डोणीत होती आणि सुगंधेची नजरही खाली नव्हती. परब उठला. छत्री उचलली.

"आमी येतंव," तो म्हणाला. "पूण उलोवप तुमच्यावांगडा न्हय. चेडवाच्या आवयवांगडा. तुमी भायर बसचें."

"बसतंय," सत्यवान म्हणाला.

आणि बसला, बोलणी मुलीच्या आईवर सोडून. हौसाबाईच्या घरी आत लाडू फिरले, हौसाबाई देवळातून येऊन हा प्रकार ऐकून कपाळावर हात मारून झाली, जानकीने न डगमगता सगळी बोलणी केली, आणि मुलगा-मुलगी पसंत असल्याचं दोन्हीकडून ठरलं. शेवटची बस घंटी मारत निघून गेली तरी कुणी लक्ष दिलं नाही. सत्यवान सगळा वेळ बाहेरच्या पायरीवर, पायाला वाळलेला चिखल, कोट अजून अंगात. वाटेने जाणारे आरोंदेकर एकमेकांना कोपरखळी मारत होते. बाबली तारी तर मुद्दाम दोनदा गेला. आतून हसण्याचा आवाज आला की याचे खांदे आक्रसत. मी त्याच्याजवळ बसून चेष्टेचं एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं, पण ते गिळलं.

मग हरिश्चंद्र बाहेर आला. एका वाटीत दोन लाडू घेऊन. सासऱ्याशेजारी पायरीवर बसला, वाटी पुढे ठेवली आणि म्हणाला, "आयकलां, तुमी विलायतेक गेल्ले. एडनाक म्हणे बंदर व्हडलें आसा?"

पोराने ते मुद्दाम विचारलं होतं, सासऱ्याला मान वर करता यावी म्हणून. एडनवर सत्यवान एरवी दोन तास बोलायचा, पाय धरले तरी थांबायचा नाही. आत्ता त्याने नुसता लाडू हातात घेतला.

"मगे सांगतंय, बाबा," तो म्हणाला. "आज नको."

पोराने बरं म्हटलं आणि तिथेच बसून राहिला. सूर्य बुडायला आला आणि परब हाक मारून त्याला होडीवर घेऊन गेला, तोपर्यंत.